दारात यादी ठेवायची की कोड स्कॅन करायचा?

पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापून बोलावलेल्या माणसाला दारात नाव विचारणं मराठी घरांना अवघडच जातं. गावाकडच्या मांडवात आजही कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. पण शहरातल्या हॉटेलात किंवा रिसॉर्टवर लग्न असलं की हिशेब ताटावर चालतो. केटररला चार-पाच दिवस आधी किमान ताटांचा आकडा सांगावा लागतो. त्याहून कमी लोक आले तरी तेवढे पैसे द्यावेच लागतात, जास्त आले तर वरच्या प्रत्येक ताटाचे वेगळे. अशा ठिकाणी आलेल्यांची नोंद यजमानाकडे नसेल, तर रात्री अकराला केटरर सांगेल तो आकडा मान्य करण्यावाचून गत्यंतर नसतं. दारात टेबल मांडण्याचं खरं कारण हे आहे.

म्हणून आधी एवढं ठरवावं, की दारात फक्त मोजायचं आहे की कोणाला थांबवायचंही आहे. घरच्या लग्नात थांबवायचं जवळपास कधीच नसतं. मोजणीसाठी छापील यादी पुरते का, की पाहुण्यांना क्यूआर कोड पाठवून तो दारात स्कॅन करावा, याचं उत्तर पाहुणे किती आहेत यापेक्षा ते किती वेळात येतात यावर अवलंबून असतं.

एक उदाहरण मांडून बघू. संध्याकाळी ७ चं रिसेप्शन, १२० कुटुंबं, माणसं साधारण ३६०. सातला कोणी फारसं येत नाही. साडेसात ते सव्वाआठ या ४५ मिनिटांत ८० कुटुंबं येतील असं धरू. म्हणजे दर ३४ सेकंदांना एक कुटुंब दारात. यादीत नाव शोधणं, खूण करणं, ‘किती जण आलात?’ विचारून आकडा लिहिणं यात एका कुटुंबामागे ४५ सेकंद जातात असं धरलं, तर एका टेबलावर त्या वेळात ६० कुटुंबंच आत जातील. सव्वाआठला २० कुटुंबं रांगेत राहतील आणि शेवटच्याला १५ मिनिटं उभं राहावं लागेल. भरजरी साडीत, कडेवर मूल घेऊन.

आता तिथेच कोड ठेवला तर? ज्याने मोबाइलवर कोड उघडून ठेवला आहे, तो १० सेकंदांत आत जातो. पण ज्याला व्हॉट्सॲपवर तो निरोप शोधायचा आहे, ज्याचा चष्मा गाडीत राहिला आहे, किंवा ज्याच्या मुलाच्या फोनवर कोड आहे आणि मुलगा गाडी लावायला गेला आहे, त्याला ५० सेकंद सहज लागतात. निम्मे पाहुणे असे निघाले तर सरासरी ३० सेकंदांवर येते आणि एका टेबलावर ४५ मिनिटांत ९० कुटुंबं जातात, म्हणजे रांग कशीबशी सांभाळली जाते. पण यादीचं दुसरं टेबल लावलं तर १२० कुटुंबं जातात. एका संध्याकाळच्या समारंभात रांग मोडण्याचा खात्रीचा उपाय दुसरं टेबल हाच आहे, आणि त्याला भाच्याची दीड तासाची मदत एवढाच खर्च.

मात्र दोन टेबलं लावून यादी चांगली नसेल तर दोन्हीकडे गोंधळ होतो. मराठी लग्नाच्या यादीचे स्वतःचे काही त्रास आहेत. पहिला, आडनावांचा. तीनशे-साडेतीनशे माणसांत पाटलांची दहा कुटुंबं निघाली तर नवल नाही, म्हणून आडनावानंतर पहिलं नाव आणि त्यापुढे गाव किंवा ‘मुलाच्या ऑफिसचे’, ‘ठाण्याच्या मावशीकडचे’ असा ओळखीचा रकाना हवाच. दुसरा, अनुक्रमाचा. यादी ऑनलाइन फॉर्मवरून इंग्रजी अक्षरांत गोळा झाली असेल, तर वैद्य एका अक्षराखाली जातात आणि वाघमारे दुसऱ्या. देवनागरीत लावली, तर संगणक क्षीरसागरांना ‘क’मध्ये बसवतो, आणि शोधणारा शाळेतल्या तक्त्याप्रमाणे ‘ह’च्या पुढे बघत राहतो. ज्यांना दारात बसवायचं आहे त्यांनी आदल्या दिवशी यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली, की हा घोटाळा तिथेच संपतो.

तिसरा त्रास लग्न झालेल्या मैत्रिणींचा. वधूने यादीत तिला कॉलेजातल्या आडनावाने लिहिलेलं असतं, आणि दारात तिचे यजमान स्वतःचं आडनाव सांगतात. अशा वेळी दोन्ही आडनावांखाली नोंद करावी आणि दोन्हीपुढे एकच क्रमांक घालावा. दोन टेबलांची वाटणी वरपक्ष-वधूपक्ष अशी करू नये, कारण दोन्हीकडचे पाहुणे भरपूर असतात आणि आपण कोणाच्या बाजूचे, हे कोणी ठरवून येत नाही. वाटणी आडनावाच्या आद्याक्षराने करावी. पण वर्णमालेच्या मधोमध कापू नये. आपल्याकडे क, द, प, स या अक्षरांवर गर्दी होते, म्हणून प्रत्यक्ष कुटुंबं मोजून जिथे निम्मी होतात तिथे रेघ मारावी. अक्षर १४ पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा, आणि फोन नंबर छापायचा नाही, कारण ते कागद रात्रभर उघड्यावर पडून असतात.

मग कोडाचा उपयोग कुठे? लग्न दोन-तीन दिवसांचं असेल, गोव्यात किंवा लोणावळ्यात असेल, मेंदी एका लॉनवर, संगीत दुसऱ्या हॉलमध्ये, जेवण तिसरीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे पाहुणे बोलावलेले असतील, तर कागदी याद्या जुळवता जुळवता घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. तिथे कोड पैसे आणि श्रम दोन्ही वाचवतो. शिवाय पहिल्या दिवशी ज्याला कोड उघडता आला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी तो सराईतपणे येतो.

पण कोड बनवताना एक चूक बहुतेक वेळा होते. कोडात पाहुण्याचं नाव भरलं जातं. क्यूआर कोड जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला. त्यात जितका मजकूर जास्त, तितके चौकोन जास्त आणि बारीक. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह त्यात साधारणपणे तीन बाइट जागा घेतं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘कुलकर्णी परिवार’ एवढं लिहिलं की ४३ बाइट होतात, आणि मध्यम दुरुस्ती पातळीला कोडाची जाळी ३३ बाय ३३ चौकोनांची होते. त्याऐवजी फक्त 047 असा क्रमांक भरला तर सर्वांत लहान, २१ बाय २१ ची जाळी पुरते. चौकोन मोठे राहिल्यामुळे तडा गेलेल्या काचेवरून, अंधुक स्क्रीनवरून किंवा व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेल्या चित्रावरूनही तो वाचला जातो. आकडे मात्र इंग्रजी टंकात घालायचे. मराठी अंक घातले तर तेही तीन-तीन बाइटांचे होतात.

पत्रिकेवर कोड छापायचा असेल तर शोभेपायी बिघडवू नये. लाल कागदावर सोनेरी कोड डोळ्याला छान दिसतो, कॅमेऱ्याला तो चमकणारा डाग वाटतो. गडद कोड फिक्या पार्श्वभूमीवर, आणि चारही बाजूंना किमान चार चौकोनांएवढी कोरी पट्टी लागते. गणपतीची चौकट कोडाला चिकटवून काढली की ही पट्टीच नाहीशी होते. आणि दुकानात बिलं करायचं लेझरचं पिस्तूल कोणी देऊ केलं तर घेऊ नका. ते फक्त रेघांचा बारकोड वाचतं आणि मोबाइलच्या काचेवर बहुधा अडतं. मोबाइलचा कॅमेरा किंवा चित्र टिपणारा स्कॅनरच हवा.

आता सगळ्यांत उपयोगाची गोष्ट. कोडाखाली तोच क्रमांक ठळक आकड्यांत छापावा, आणि छापील यादीची एक प्रत आडनावाप्रमाणे, दुसरी क्रमांकाप्रमाणे काढावी. कुलकर्ण्यांचा फोन बंद पडला तरी मुलगी म्हणते, “आमचा सत्तेचाळीस”, आणि काम होतं. क्रमांकही आठवत नसेल तर आडनाव आहेच. स्कॅनर, क्रमांक आणि नाव हे तिन्ही एकाच ओळीला जाऊन मिळतात. कोड आणि यादी यांतून एकच निवडायची, असा अट्टहास करणाऱ्यांना मी हेच सांगेन.

दारात मशीन असलं की दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे नेटवर्क. हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये किंवा पाचशे फोन एकदम चालू असलेल्या लॉनवर ते गायब होतं. स्कॅनिंगचं ॲप ऑफलाइन चाललं तरी दोन दारांवरचे दोन फोन एकमेकांना काही सांगू शकत नाहीत, आणि एकच कुटुंब दोनदा मोजलं जातं. संध्याकाळी सहाला, हॉल रिकामा असताना चाचणी घेऊन समाधान मानू नका, कारण तेव्हा नेटवर्क नेहमीच छान असतं. फोन मुद्दाम विमान-मोडवर टाकून स्कॅन करून बघा आणि नंतर नोंदी जुळतात का तेही तपासा. शीटमध्ये क्रमांक पहिल्या रकान्यात येत असतील, तर शेजारी हे सूत्र घालावं आणि खालच्या ओळींत ओढून न्यावं. १ पेक्षा मोठा आकडा आला की नोंद दोनदा झाली आहे:

```
=COUNTIF(A:A,A2)
```

दुसरी फसगत कुटुंबाच्या गटावर होते. आईला आलेला कोड ती मुलांना, सुनांना पाठवते, आणि सगळे वेगवेगळ्या गाड्यांनी येतात. यात कोणाचा लबाडीचा हेतू नसतो. कोड माणसाचा न ठेवता कुटुंबाचा ठेवावा, पुढे अपेक्षित संख्या लिहावी, आणि पहिल्यांदा दोन, नंतर तीन असे जसे येतील तसे मिळवत जावं. ॲप ‘आधीच वापरलेला कोड’ म्हणून लाल रंग दाखवत असेल, तर त्याचा आवाज आधीच बंद करा. मुलाच्या बॉसला किंवा वयस्कर आत्याला चारचौघांत तो आवाज ऐकवणं हा पाहुण्याचा अपमान आहे, आणि तो कुठल्याही हिशेबापेक्षा महाग पडतो.

त्याचसाठी टेबलावर इव्हेंटवाल्यांच्या पोरांबरोबर घरचं एक माणूस हवंच, शक्यतो दोन्हीकडची नाती ठाऊक असलेली काकू किंवा मामा. “या आत्या, तुम्ही आत बसा, मी मांडतो,” असं म्हणायला ओळख लागते. यादीच्या शेवटी २० रिकाम्या ओळी ठेवाव्यात. ज्याचं नाव सापडत नाही त्याला “तुमचं नाव नाही” असं न म्हणता, “नाव सांगता का, लिहून घेतो,” म्हणून त्यात लिहावं आणि सोडावं.

नोंदीचा उपयोग जेवण सुरू व्हायच्या आधी व्हायला हवा, रात्री नव्हे. आठला दोन्ही टेबलांवरची बेरीज करून एकाने केटररच्या मॅनेजरला सांगावी, पावणेनऊला परत सांगावी. पाच वर्षांखालच्या मुलांचं ताट मोजायचं की नाही आणि फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर यांची ताटं कोणत्या आकड्यात धरायची, हे करारात आधीच लिहून घ्यावं. दारातली बेरीज आणि उष्ट्या ताटांची मोजणी यांतला फरक बहुतेक वेळा याच लोकांचा निघतो, आणि त्यावरूनच वाद होतात.