सगळी पास झाली नाहीत, म्हणजे किती?

दहावी 'ब'च्या गणिताच्या पेपरवरून शिक्षकांच्या खोलीत वाद लागला आहे असं समजा. एक सर म्हणतात, "वर्गातली सगळी मुलं पास झाली." दुसरे उसळून म्हणतात, "काहीतरीच! एकही पास झालं नाही." ऐकणाऱ्याला वाटतं, दोघांतला एक बरोबर असणारच. प्रत्यक्षात चाळीसपैकी सव्वीस पास आणि चौदा नापास असतील, तर दोघंही चुकले. ही दोन विधानं एकमेकांना मारतात, पण एक पडलं म्हणून दुसरं आपोआप उभं राहत नाही.

विरोधाविरोधातला हा फरक ॲरिस्टॉटलने इसवीसनपूर्व चौथ्या शतकात नोंदवला. पुढे त्याचं चौकोनी चित्र झालं. दुसऱ्या शतकातल्या अपुलेयसच्या नावावर असलेल्या लॅटिन ग्रंथात त्या चौकोनाचं वर्णन आहे, आणि सहाव्या शतकातल्या बोएथियसमुळे तो युरोपातल्या विद्यापीठांत रुजला. चार कोपऱ्यांत चार विधानं बसवायची. वर डावीकडे 'सगळे विद्यार्थी पास झाले', वर उजवीकडे 'एकही विद्यार्थी पास झाला नाही'. खाली डावीकडे 'काही विद्यार्थी पास झाले', खाली उजवीकडे 'काही विद्यार्थी पास झाले नाहीत'. पुस्तकांत त्यांना ए, ई, आय, ओ अशी अक्षरं देतात, पण आपलं काम वाक्यांवर भागेल. (विद्यार्थी म्हणजे इथे पेपरला बसलेले. गैरहजर मुलगा पासही नसतो आणि नापासही नसतो. त्याला मध्ये आणलं की हिशेब बिघडतो.)

या चौकोनातली नाती पाठ करायची पद्धत आहे आणि ती मला नेहमीच उलटी वाटते, कारण ती पाठ करण्यासारखी नाहीतच. निकाल तीनच तऱ्हांनी लागू शकतो: सगळे पास, मिश्र, किंवा सगळे नापास. प्रत्येक तऱ्हेत चार वाक्यांपैकी कोणती खरी ठरतात एवढं बघायचं. सगळे पास असतील तर डावीकडची दोन्ही खरी, उजवीकडची दोन्ही खोटी. सगळे नापास असतील तर बरोबर याच्या उलट. निकाल मिश्र असेल तर वरची दोन्ही खोटी आणि खालची दोन्ही खरी. नाती इथूनच वाचता येतात.

वरच्या दोन वाक्यांचं नातं विपरीत: दोन्ही एकदम खरी नसतात, खोटी मात्र असू शकतात. खालच्या दोघांचं उपविपरीत: दोन्ही एकदम खोटी नसतात, खरी असू शकतात. आणि कर्णावर समोरासमोर असणारी वाक्यं व्याघाती. त्यांतलं नेमकं एक खरं असतं आणि दुसरं खोटं. निकाल कसाही लागो. वरून सरळ खाली मात्र विरोध नसतो. सगळे पास, तर काही पास हे ओघानेच आलं.

म्हणजे पहिल्या सरांना खोडून काढायला दुसऱ्या सरांना कर्णाच्या टोकाला जायला हवं होतं. 'काही पास झाले नाहीत' एवढंच पुरेसं होतं, आणि त्यासाठी एकच नापास गुणपत्रिका दाखवावी लागली असती. ते रागाच्या भरात शेजारच्या कोपऱ्यात गेले आणि चाळीसही जण नापास झाल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी विनाकारण अंगावर घेऊन बसले. आपले बहुतेक वाद असेच शेजारच्या कोपऱ्यात होतात.

मराठीत आणखी एक फसवी जागा आहे. 'सगळी मुलं पास झाली नाहीत' हे वाक्य घ्या. एकाला ते 'काही राहिली' असं ऐकू येतं, दुसऱ्याला 'सगळीच्या सगळी आपटली' असं. एकच वाक्य उजवीकडच्या दोन्ही कोपऱ्यांत बसतं. बोलताना 'सगळी'वर जोर देऊन भागवता येतं, पण सूचनाफलकावर जोर कसा देणार? तिथे 'प्रत्येक मूल पास झालं असं नाही' किंवा 'एकही पास झालं नाही' असं लिहिणं बरं. गंमत म्हणजे ॲरिस्टॉटलचं चौथं विधान याच 'प्रत्येक... असं नाही' या वळणाचं आहे; 'काही नाहीत' हे रूप नंतर रूढ झालं. या बारीकशा फरकाकडे पुन्हा यावं लागेल.

आता अर्धवट माहितीवर चौकोन किती चालतो ते बघू. चाळीसपैकी बारा पेपर तपासून झाले आणि बाराही पास निघाले. 'काही पास झाले' हे खरं ठरलं, म्हणून कर्णावरचं 'एकही पास झाला नाही' तिथेच खोटं पडलं. पण 'सगळे पास' आणि 'काही पास नाहीत' ही दोन्ही अजून टांगणीला आहेत. त्यांतलं एक नक्की खरं, कोणतं ते माहीत नाही. तेरावा पेपर नापास निघाला तर हा प्रश्न लगेच सुटतो आणि उरलेले सत्तावीस पेपर त्यात काही बदल करू शकत नाहीत. तो पास निघाला तर मात्र तपासत राहायचं, शेवटच्या पेपरपर्यंत. 'सगळे' म्हणणं महाग पडतं ते असं.

इथेच 'काही'चा घोटाळा होतो. तेराव्या पेपराआधी बाई एका पालकांना म्हणाल्या, "काही मुलं पास झालीत," तर पालक काळजीत पडतात: म्हणजे काही नापास झालीत! रोजच्या बोलण्यात हा अंदाज रास्त आहे, कारण सगळी पास झाल्याचं माहीत असतं तर बाई तसंच म्हणाल्या असत्या. पण तर्कशास्त्रातलं 'काही' म्हणजे 'निदान एक', आणि त्याला 'सगळे' वर्ज्य नाहीत. उपविपरीत वाक्यांतलं एक खरं आहे यावरून दुसऱ्याबद्दल काहीही ठरत नाही. एक खोटं निघालं तरच दुसरं खरं ठरतं.

आतापर्यंत आपण एक गोष्ट न बोलता धरून चाललो: परीक्षेला कुणीतरी बसलं होतं. समजा, पुरवणी परीक्षेला शाळेतून एकही विद्यार्थी बसला नाही आणि मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, "पुरवणीला बसलेले आमचे सगळे विद्यार्थी पास." आधुनिक तर्कशास्त्राच्या वाचनात हे खरं आहे, कारण नापास झालेला बसलेला विद्यार्थी कुणी दाखवू शकत नाही. त्याच न्यायाने 'एकही पास झाला नाही' हेही खरं. खालची दोन्ही वाक्यं 'निदान एक' मागतात, म्हणून दोन्ही खोटी. झालं! विपरीत वाक्यं एकदम खरी, उपविपरीत एकदम खोटी, आणि 'सगळे'वरून 'काही'वर उतरण्याची वाटही बंद. टिकले फक्त कर्ण.

जुन्या लोकांना हे कळलं नव्हतं असं नाही. अनेक मध्ययुगीन तर्कशास्त्रज्ञांचा नियम होता की ज्याच्याबद्दल बोलायचं तेच नसेल तर होकारी विधान खोटं आणि नकारी विधान खरं. मग रिकाम्या वर्गात 'सगळे पास' खोटं, आणि 'प्रत्येक विद्यार्थी पास झाला असं नाही' खरं. चौथा कोपरा असा वाचला तर सगळा चौकोन शाबूत राहतो. 'पास न झालेला निदान एक विद्यार्थी आहे' असा वाचला तर मोडतो. आजची पाठ्यपुस्तकं बहुधा दुसरं वाचन घेतात. मुख्याध्यापकांच्या घोषणेचं काय करायचं ते मात्र निकालपत्रकातल्या 'बसलेले' या रकान्यावर कळतं. तिथे शून्य असेल तर शेकडा निकाल काढायला शून्याला शून्याने भागावं लागेल, आणि त्याचं उत्तर शंभरही नाही, शून्यही नाही.