घटस्फोट झाला, तरी हप्ता दोघांचाच

कोर्टाचा हुकूमनामा हातात आला, त्यात ‘फ्लॅट पत्नीकडे राहील आणि पुढचे सर्व हप्ते तीच भरेल’ असे स्वच्छ लिहिलेले असले, की बहुतेकांना विषय संपला असे वाटते. बँकेसाठी मात्र काहीच बदललेले नसते. हा हुकूमनामा नवरा-बायकोमधला आहे, बँक त्या खटल्यात पक्षकार नव्हती. तिच्याजवळ दोघांच्या सह्यांचा कर्जकरार आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 43 प्रमाणे ती संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते, अर्धी-अर्धी नव्हे. तिने दोन हप्ते चुकवले, तर सिबिल त्याचेही खराब होते. ‘कोर्टानेच सांगितलंय की मी द्यायचं नाही’ हे सांगून तो फार तर तिच्याकडून पैसे वसूल करू शकेल, बँकेला थांबवू शकत नाही.

म्हणून नाव काढायचे ते बँकेच्या संमतीनेच. आणि इथे नाव दोन ठिकाणी असते हे आधी ध्यानात घ्यावे. एक कर्जाच्या कागदात, दुसरे घराच्या कागदात, म्हणजे खरेदीखत, इंडेक्स टू आणि सोसायटीच्या भागपत्रात. घराचे जितके मालक, तितके सगळे कर्जात हवेत, असा बहुतेक बँकांचा नियम असतो. त्यामुळे तो मालक राहून नुसता कर्जातून बाहेर पडतो म्हणाला, तर अर्ज टेबलावरूनच परत येतो. यातून नेहमीचा पेच तयार होतो. बँक म्हणते, आधी त्याचा वाटा तिच्या नावावर करून आणा. तो म्हणतो, आधी मला कर्जातून सोडवा, मग वाटा सोडतो. शिवाय घर गहाण असल्यामुळे बँकेच्या एनओसीशिवाय वाटा सोडताच येत नाही. या पेचात लोकांची वर्षे जातात.

तो सुटतो तो क्रमाने. दोघांनी मिळून शाखेत अर्ज द्यायचा. बँक तो अर्ज जवळजवळ नव्या कर्जासारखाच तपासते. तिच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे, सिबिल आणि खात्यावर एकही हप्ता थकलेला नाही ना, हे पाहते. सोबत हुकूमनामा किंवा कोर्टात दाखल केलेल्या कन्सेंट टर्म्सची प्रत लागते. आकडा जुळला, तर वाटा हस्तांतरित होण्याच्या अटीवर मंजुरीचे पत्र आणि एनओसी मिळते. ते हातात आल्यावर दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा, त्याची इंडेक्स टू बँकेत द्यायची, पुरवणी करारावर सही करायची आणि हप्त्याचा आदेश तिच्या एकटीच्या खात्यावर फिरवायचा. मंजुरीचे पत्र दोघांनी वाचलेले असले की आधी कोणी पाऊल टाकायचे यावरचा अविश्वास बराच कमी होतो.

अर्ज खरा अडतो तो उत्पन्नावर. एक उदाहरण घेऊ. कर्ज शिल्लक 42 लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत 15 वर्षे उरलेली. हप्ता येतो सुमारे 41,360 रुपये. तिचा हातात येणारा पगार 72,000. तिच्या बँकेने सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याची मर्यादा धरली, तर 36,000 रुपये. त्यात स्कूटरच्या कर्जाचा हप्ता 3,000 आहे, म्हणजे घरासाठी उरले 33,000. एवढ्या हप्त्यात 15 वर्षांसाठी साडेतेहतीस लाखच बसतात. साडेआठ लाखांची तूट! इथे अर्ज नाकारला जातो आणि माणसे हताश होतात, पण गणित अजून हलवता येते. तिने स्कूटरचे कर्ज फेडून टाकले आणि मुदत 20 वर्षे करून घेतली, तर 36,000च्या हप्त्यात सुमारे 41 लाख 48 हजार बसतात. 60 हजार रुपये मुद्दलात भरले की काम झाले. ती 37 वर्षांची असेल, तर कर्ज 57व्या वर्षी संपते, म्हणून निवृत्तीच्या वयावरूनही बँक अडत नाही. याची किंमत मात्र डोळे उघडे ठेवून पाहावी: पूर्ण मुदतीत बारा लाखांहून जास्त रुपये अधिक जातात. पुढे पगार वाढला की जादा रक्कम भरून ते कमी करता येते, कारण बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही.

एवढे करूनही जुळले नाही, तर बँक नवा सहकर्जदार मागते. आई-वडील, कमावता भाऊ. त्यांना मालक करावे लागत नाही, फक्त कर्जाची जबाबदारी घ्यावी लागते. ती किती मोठी, हे भावाला सही करण्याआधी सांगितलेले बरे.

दुसरा खड्डा मुद्रांक शुल्काचा. महाराष्ट्रात ‘हक्कसोडपत्र नाममात्र शुल्कात होते’ ही समजूत घट्ट आहे. ती सवलत वडिलोपार्जित मालमत्तेत, जवळच्या नातलगांच्या नावे, मोबदल्याविना केलेल्या हक्कसोडीला आहे. दोघांनी मिळून विकत घेतलेला फ्लॅट त्यात बसत नाही, तिथे खरेदीखतासारखे शुल्क लागते. फ्लॅट 90 लाखांचा असेल, तर त्याच्या अर्ध्या वाट्यावर, म्हणजे 45 लाखांवर, सहा टक्क्यांनी 2 लाख 70 हजार. मात्र राहते घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिले, तर बक्षीसपत्राचे शुल्क 200 रुपये आहे. शहरानुसार लागणारा अधिभार वेगळा. या सवलतीसाठी दस्ताच्या दिवशी ती पत्नी असावी लागते. हुकूमनामा झाल्यानंतर ती पत्नी राहत नाही, आणि सवलतही नाही. शिवाय हे खरोखर बक्षीस असावे लागते. वाट्याच्या बदल्यात पैसे किंवा पोटगीची माफी ठरली असेल, तर त्याला मोबदला म्हणतात. मसुदा वकिलाकडून करून घेण्याचे हे मोठे कारण.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-बी खाली संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात साधारण सहा महिने जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या निकालानंतर कोर्ट ही मुदत माफही करू शकते. माझ्या मते तुमच्या वकिलांनी ती माफ करून घेण्याची घाई करण्याआधी बँकेचे काम याच काळात उरकावे. कन्सेंट टर्म्समध्ये ‘पत्नी हप्ते भरेल’ एवढेच न लिहिता, कोणत्या तारखेपर्यंत तो कर्जातून मुक्त होईल, बँकेने नकार दिला तर काय, म्हणजे घर विकायचे की दुसऱ्या बँकेत हलवायचे, हेही लिहून घ्यावे.

दुसऱ्या बँकेत हलवणे हा प्रत्यक्षात अनेकदा सोपा मार्ग ठरतो. नवी बँक तिच्या एकटीच्या नावावर कर्ज देते, जुने खाते पूर्ण बंद होते, आणि त्याचे नाव काढावे लागत नाही, कारण काढण्यासारखे काही उरतच नाही. मालकी आधी तिच्या एकटीची झालेली असावी लागते, हा नियम मात्र इथेही चुकत नाही. प्रक्रिया शुल्क आणि गहाणाची नवी नोंदणी यांचा खर्च येतो, तो त्याने अर्धा उचलावा असे सुचवायला हरकत नाही, कारण मोकळा तोच होत असतो.

समोरचा माणूस सहीच करत नसेल, पत्ता देत नसेल, तर नाव काढण्याच्या अर्जाचा उपयोग नाही. एकाच्या अर्जावर बँक दुसऱ्याला सोडत नाही. मग कोर्टाकडूनच विक्रीचा किंवा वाट्याच्या हस्तांतराचा आदेश घ्यावा लागतो.

काम झाल्यावर बाहेर पडलेल्याने बँकेकडून ‘सहकर्जदार म्हणून मुक्त’ असे लिहिलेले पत्र घ्यावे, आणि दोनेक महिन्यांनी स्वतःचा सिबिल अहवाल काढून पाहावा. त्यात ते खाते चालू आणि ‘जॉइंट’ म्हणून दिसत राहिले, तर पत्राची प्रत जोडून अहवालावर तक्रार नोंदवावी. कर्जाशी जोडलेला विमा दोघांच्या नावे असेल, तर त्याच फेरीत तोही बदलून घ्यावा.