एमसीबी पडत नाही, तरी कूलर झटका देतो

"दादा, एमसीबी नवा आहे, अर्थिंगही केलंय. मग कूलरच्या पत्र्याला करंट कसा?" एप्रिल-मेमध्ये श्रीगोंद्यातल्या वायरमनला असं विचारलं, तर तो आधी अर्थचा खड्डा कुठाय ते विचारेल. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

एमसीबी माणसासाठी नाही, वायरसाठी असतो. 16 अँपिअरचा एमसीबी तेवढा करंट सुखाने जाऊ देतो. त्याहून बराच जास्त गेला, की वायर तापून जळण्याआधी तो पडतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून 0.1 अँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो, पण एमसीबीच्या हिशेबात तो नगण्य.

म्हणून अर्थिंग. फेजची वायर सोलून कूलरच्या पत्र्याला टेकली, तर करंटने अर्थच्या वायरीतून जमिनीत आणि तिथून डीपीच्या अर्थकडे परतावं, आणि तो इतका मोठा असावा की एमसीबी पडलाच पाहिजे, ही अपेक्षा. सगळं अडतं ते "इतका मोठा" या शब्दांपाशी.

हिशेब करू. घराच्या अर्थचा रोध 2 ओहम आणि डीपीकडचा 3 धरला, तर 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअर. एमसीबी साधारण मिनिटाच्या आत पडेल. पण श्रीगोंदा अवर्षणाचा तालुका. कुकडीच्या कालव्याकाठी जमीन ओली राहते, माळावरचा मुरूम मात्र उन्हाळ्यात कोरडाठाक होतो. खड्ड्यातलं मीठ-कोळसा कधीच सुकलेलं. रोध 20 ओहमवर गेला, तर 230 भागिले 23, म्हणजे 10 अँपिअर. एमसीबी ढिम्म. आणि कूलरचा पत्रा? दहा गुणिले वीस, 200 व्होल्टवर.

खड्डा चांगला आहे हे दाखवायला फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावतात. तो लख्ख पेटतो, मालक खूश! पण या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. वीस ओहमच्या अर्थवर जेमतेम 9 व्होल्ट खर्च होतात, उजेडात फरक दिसतच नाही. खरा रोध कळतो तो अर्थ टेस्टरनेच.

खड्ड्यात पाणी ओतत राहावं, पण भरवसा ठेवावा तो आरसीसीबीवर. दुकानात त्याला बहुधा ईएलसीबीच म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का, एवढंच तो पाहतो. 30 मिलिअँपिअरची तफावत झाली की क्षणात पडतो. वीस ओहमच्या अर्थातून गळणारे 10 अँपिअर त्याच्या मर्यादेच्या तीनशेपटीहून जास्त. जादा लोडवर मात्र तो पडत नाही, म्हणून एमसीबी काढायचा नाही.

तो सारखा पडू लागला की "खराब आहे" म्हणून थेट जोडून टाकतात. तसं करण्याआधी एकेक उपकरण काढून बघावं. सगळी काढूनही पडत असेल, तर एखाद्या खोलीचा न्यूट्रल दुसऱ्याच लाइनवरून घेतलेला किंवा अर्थला जोडलेला निघतो. दोष तिथे असतो.