अहवाल येईपर्यंतची रात्र

झोक्यावरून पडलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्याचा सीटी स्कॅन रात्री अकराला झाला. यंत्राचं काम मिनिटभरात आटोपलं. मग अहवाल सकाळी का, हे बाबांना कळेना.

ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, "ताजं रक्त स्कॅनमध्ये पांढरं दिसतं. तसं काही दिसत नाही. पण बारीक तडा नजरेतून सुटू शकतो, म्हणून रेडिऑलॉजिस्ट सकाळी पुन्हा बघतील. तोवर पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, झटका आला किंवा ती नीट जागी होईना, तर लगेच हाक मारा."

बाबा उशाशी बसले. नर्सबाईंनी उठवलं की ती कुरकुरायची, "झोपू दे ना, बाबा." त्या कुरकुरीनेच त्यांना धीर यायचा.

सकाळी अंतिम अहवाल आला: कवटीला बारीक तडा, रक्तस्राव नाही. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. देखरेख पुरेशी होती.