क्रियापद कोणाचे ऐकते?

‘पाऊस थांबला तेव्हा सुमनने गच्चीवर चिंचा वाळत घातल्या. धाकट्या भावाने त्या पाहिल्या आणि दोन खिशात टाकल्या. आईने त्याला पकडले.’

या उताऱ्याचे पृथक्करण क्रियापदापासून सुरू करणे सोयीचे. वाळत घालणारी सुमन, म्हणून ती कर्ता. पण ‘घातल्या’ हे रूप तिच्याप्रमाणे नाही, ‘चिंचा’ या स्त्रीलिंगी अनेकवचनी कर्माप्रमाणे आहे. हा कर्मणी प्रयोग. क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलते तो कर्ता, असे धरणारा विद्यार्थी इथे हमखास चिंचांनाच कर्ता ठरवतो. शेवटच्या वाक्यात कर्त्याला ‘ने’ आणि कर्माला ‘ला’ लागल्याने क्रियापद कोणाचेच ऐकत नाही. ‘पकडले’ नपुंसकलिंगी एकवचनी राहते. हा भावे प्रयोग. आईऐवजी बाबा आणि भावाऐवजी बहिणी घातल्या, तरी ‘बाबांनी त्यांना पकडले’ असेच होते.

‘खिशात’मधला ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय, तर ‘गच्चीवर’मधले ‘वर’ शब्दयोगी अव्यय. दोन्हींपूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘खिसा’चे ‘खिशा’ झालेले दिसते, ‘गच्ची’ मात्र तशीच राहते.

पहिले वाक्य मिश्र आहे: ‘पाऊस थांबला’ हे घालण्याची वेळ सांगणारे, म्हणजे कालदर्शक गौणवाक्य, त्यातला ‘जेव्हा’ अध्याहृत. दुसरे संयुक्त. ‘आणि’नंतर कर्ता पुन्हा येत नाही आणि ‘दोन’पुढच्या चिंचाही गाळलेल्या आहेत, पण ‘टाकल्या’ हे रूप त्यांची खूण ठेवते. तिसरे केवलवाक्य.