विश्लेषण : इमारत दोन वर्षांची, मग नफा कोणत्या वर्षाचा?

साताऱ्यातील एका काल्पनिक भागीदारी फर्मचे उदाहरण घेऊ. या फर्मला खासगी महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे काम मिळाले. काम जून 2023 मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर 2024 मध्ये संपले. कराराची रक्कम जीएसटी वगळून 1 कोटी 20 लाख रुपये आणि अंदाजित खर्च 1 कोटी, म्हणजे 20 लाखांचा नफा अपेक्षित होता. 31 मार्च 2024 रोजी इमारत अर्धवट होती. तरीही त्या वर्षाच्या विवरणपत्रात नफा दाखवावा लागला, आणि तोही हातात पैसे नसताना. असे का होते?

काम पूर्ण झाल्यावर नफा का दाखवता येत नाही?

‘किल्ली दिली की नफा धरू’ असा अनेक छोट्या कंत्राटदारांचा हिशेब असतो. पण त्यामुळे एका वर्षी नफा शून्य आणि पुढच्या वर्षी सगळा एकदम, असे विचित्र चित्र दिसते. म्हणून बांधकाम करारांसाठीचे लेखा मानक 7 सांगते, की जितके टक्के काम झाले तितके टक्के उत्पन्न त्या वर्षात धरा. प्राप्तिकरासाठी हाच नियम उत्पन्न गणना मानक 3 मध्ये आहे. 2018 च्या वित्त कायद्याने 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 43सीबी घालून त्याला कायद्याचा भक्कम आधार दिला. ज्या व्यक्तींना किंवा हिंदू अविभक्त कुटुंबांना कर लेखापरीक्षण करावे लागत नाही, त्यांना ही गणना मानके लागू नाहीत. भागीदारी फर्मला मात्र ही सवलत नाही.

किती टक्के काम झाले, हे कसे ठरते?

सर्वात रुळलेली पद्धत खर्चाची आहे. आजवर झालेल्या खर्चाला एकूण अंदाजित खर्चाने भागायचे. 31 मार्चपर्यंत या फर्मच्या खात्यातून 48 लाख रुपये गेले होते. पण त्यातील 5 लाखांची सळई साइटवर पडून होती आणि 3 लाख रुपये प्लंबिंगच्या उपकंत्राटदाराला आगाऊ दिले होते. न वापरलेला माल आणि आगाऊ रक्कम म्हणजे झालेले काम नव्हे, म्हणून हे 8 लाख वगळावे लागतात. उरलेले 40 लाख भागिले 1 कोटी म्हणजे 40 टक्के. उत्पन्न 1 कोटी 20 लाखांच्या 40 टक्के, म्हणजे 48 लाख. खर्च 40 लाख, नफा 8 लाख.

सर्वाधिक चूक याच पायरीवर होते. सळई आणि आगाऊ रक्कम वगळली नाही, तर काम 48 टक्के, उत्पन्न 57 लाख 60 हजार आणि नफा 9 लाख 60 हजार दिसतो. म्हणजे न झालेल्या कामाचा 1 लाख 60 हजारांचा नफा एक वर्ष आधीच करपात्र होतो. चूक पकडण्याचा साधा उपाय म्हणजे इंजिनीअरचे मोजमाप. खर्च 48 टक्के आणि मोजमाप 40 टक्के सांगत असेल, तर साइटवरचा माल मोजायला हवा. माल नसेल, तर एक तर नासाडी झाली आहे किंवा मूळ अंदाजच कमी होता.

बिल आणि उत्पन्न यांत फरक का पडतो?

फर्मने मार्चअखेर 42 लाखांची रनिंग बिले दिली होती. महाविद्यालयाने त्यातून 5 टक्के, म्हणजे 2 लाख 10 हजार रुपये, दोष-दायित्व काळ संपेपर्यंत रिटेन्शन म्हणून राखले आणि 2 टक्के, म्हणजे 84 हजार रुपये, टीडीएस कापला. जीएसटी बाजूला ठेवला तर हातात आले 39 लाख 6 हजार. खर्च मात्र 48 लाख झाला होता. सुमारे 9 लाखांची तूट फर्मने ओव्हरड्राफ्ट आणि दुकानदारांच्या उधारीवर भागवली.

तरीही उत्पन्न 48 लाखच धरावे लागते. त्यातील 6 लाखांचे बिल अजून निघालेले नाही, म्हणून ते ताळेबंदात येणे म्हणून दिसते. रिटेन्शनही उत्पन्नातून वगळता येत नाही. कलम 43सीबी ते स्पष्टपणे करार उत्पन्नात धरते. इतर कामे, कार्यालयीन खर्च आणि भागीदारांचे वेतन बाजूला ठेवले, तर 8 लाखांवर उपकरासह 31.2 टक्के दराने सुमारे अडीच लाख रुपये कर बसतो. टीडीएस वजा जाता 1 लाख 66 हजारांच्या आसपास रक्कम खिशातून भरावी लागते. ही सोय आगाऊ कराच्या हप्त्यांसाठी आधीच करून ठेवली नाही, तर व्याजाचा भुर्दंड पडतो. पुढे रिटेन्शन हातात आले की काहीजण ते पुन्हा उत्पन्नात धरतात. मग एकाच रकमेवर दोनदा कर जातो.

अंदाज बदलला तर?

समजा, दुसऱ्या वर्षी मजुरी आणि साहित्य महागून एकूण खर्च 1 कोटी 6 लाख झाला. मग एकूण नफा 14 लाख. त्यातील 8 लाख पहिल्या वर्षी दाखवले आहेत, म्हणून दुसऱ्या वर्षी उत्पन्न 72 लाख, खर्च 66 लाख आणि नफा 6 लाख. पहिल्या वर्षाचे हिशेब पुन्हा उघडावे लागत नाहीत.

पण 31 मार्च 2024 रोजीच दरवाढ दिसत होती का, हा खरा प्रश्न. तेव्हाच अंदाज 1 कोटी 6 लाख धरला असता, तर काम 37.74 टक्के आणि नफा सुमारे 5 लाख 28 हजार आला असता. करार करतानाचा जुना अंदाज तसाच वापरल्याने पहिल्या वर्षी जास्त कर गेला. म्हणून मार्चअखेर उरलेल्या कामाचा खर्च ताज्या दरांनी काढून त्याचा कागद फाइलला लावणे गरजेचे असते. कामाची सुरुवातच असेल आणि शेवट सांगता येत नसेल, तर झालेल्या खर्चाइतकेच उत्पन्न धरता येते. करासाठी ही मुभा 25 टक्के कामापर्यंतच आहे.

तोटा दिसू लागला तर?

इथे दोन मानकांची वाट वेगळी होते. अंदाजित खर्च 1 कोटी 28 लाखांवर गेला, तर एकूण तोटा 8 लाखांचा. लेखा मानकाप्रमाणे तो सगळा त्याच वर्षी खात्यात घ्यावा लागतो. करासाठी मात्र झालेल्या कामापुरताच. 40 लाखांचा खर्च म्हणजे 31.25 टक्के काम, उत्पन्न साडेसदतीस लाख आणि तोटा केवळ अडीच लाख. उरलेले साडेपाच लाख करासाठी पुढे काम होईल तसतसे मिळतात. खात्यातला आकडा तसाच विवरणपत्रात उतरवला, तर कर कमी भरला जातो आणि नोटीस येऊ शकते.

विवरणपत्र भरताना काय जुळवावे?

फॉर्म 26एएसमध्ये बिलांवरचा टीडीएस दिसतो, म्हणजे पहिल्या वर्षी 42 लाख आणि दुसऱ्या वर्षी 78 लाख. विवरणपत्रात मात्र 48 आणि 72 लाख. दुसऱ्या वर्षी 6 लाखांचे उत्पन्न लपवले, असे वाटू शकते. ते 6 लाख आधीच्या वर्षी दाखवले आहेत, हे सांगणारा अर्ध्या पानाचा ताळमेळ दोन्ही वर्षांच्या फाइलमध्ये असला, की उत्तर देणे सोपे जाते.