सरळ वाट, पण उशिराची

वरच्या बिंदूपासून 2 मीटर खाली आणि 3.14 मीटर आडवे असलेल्या बिंदूपर्यंत मणी घर्षणाविना घसरतो. सरळ तारेवरून त्याला सुमारे 1.19 सेकंद लागतात. योग्य वक्रावरून जेमतेम 1.00. हा वक्र कोणता, असे योहान बर्नुली यांनी 1696 मध्ये गणितज्ञांना विचारले.

y इतके खाली उतरल्यावर मण्याचा वेग √(2gy) होतो. तारेच्या प्रत्येक तुकड्याची लांबी त्या वेगाने भागून बेरीज केली, की एकूण वेळ मिळतो. पण इथे अज्ञात एखादी संख्या नाही, अख्खा वक्र आहे.

ऑयलर आणि लाग्रांज यांची युक्ती अशी: टोके तशीच ठेवून वक्र किंचित हलवा. तो सर्वोत्तम असेल, तर पहिल्या पायरीला वेळ बदलत नाही. ही अट प्रत्येक बिंदूला लावली, की बेरजेचे विकलक समीकरण होते:

y(1 + y′²) = k

सुरुवातीला y शून्य, म्हणून उतार अनंत: तार सरळ खाली सुटते आणि वेग आधीच मिळतो. उत्तर आहे चक्रज, म्हणजे घरंगळत्या चाकाच्या कडेवरील बिंदूची वाट, उलटी केलेली. मात्र ही अट फक्त उमेदवार देते. वेळ खरोखर किमान आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते.